अहमदाबाद ते जुहू, वाऱ्याला धरून

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले. सोबत पंचवीसेक किलो टपाल होतं. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं आणि दुपारी ते मुंबईत जुहूला उतरले. विमानात रेडिओ नव्हता. होतं ते होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि आकडेमोडीला स्लाइड रूल. भारतातल्या नियमित हवाई टपालसेवेची सुरुवात म्हणून हे उड्डाण सर्वांना माहीत आहे. इथे मात्र मला त्यातल्या दुसऱ्या टप्प्याबद्दल, अहमदाबाद ते जुहू या रेषेबद्दल लिहायचं आहे, कारण वारा विमानाचं काय करतो आणि पायलट त्याचा हिशेब कसा मांडतो हे समजायला यापेक्षा चांगली रेषा आपल्याकडे क्वचितच सापडेल.

नकाशावर ही रेषा जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते. अहमदाबादहून निघून ती खंभातच्या पूर्वेने मही नदीचं मुख ओलांडते, नर्मदा आणि तापी या नद्या समुद्राला मिळतात तिथून पुढे सरकते, दमणजवळ किंचित समुद्रावर येते आणि डहाणूपासून पुन्हा जमीन धरून जुहूला पोचते. लांबी २३९ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ४४३ किलोमीटर. विमानचालनात दिशा अंशांत मोजतात. उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. त्या मापात आपली रेषा १७७ अंशांची. डाव्या हाताला पुढे सह्याद्री, उजव्या हाताला खंभातचं आखात आणि अरबी समुद्र. दोन्हीकडे चूक परवडणारी नाही.

आता टपाल विमानाच्या जागी आजचं एक छोटं प्रशिक्षण विमान घेऊ, दोन जणांचं, सेसना १५२ च्या वर्गातलं. त्याचा हवेतला वेग ९० नॉट धरू. एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. पस मॉथही साधारण याच वेगाने उडत असे. दिवस मे महिन्याच्या अखेरचा धरू. पाऊस यायचा आहे, पण नैर्ऋत्येकडून वारा जोर धरू लागला आहे. हवामान खात्याकडून मिळालेला अंदाज सांगतो की विमान ज्या उंचीवर उडणार आहे तिथे वारा २४० अंशांवरून २५ नॉटने वाहतो आहे. ‘२४० अंशांवरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वाऱ्याची दिशा नेहमी तो जिकडून येतो ती सांगतात. म्हणजे हा वारा विमानाला ६० अंशांच्या दिशेला, ईशान्येकडे, ढकलणार आहे.

पायलटने वाऱ्याकडे दुर्लक्ष केलं आणि विमानाचं नाक १७७ अंशांवर ठेवून तो नेमकं उडत राहिला, तर काय होईल? वारा नसता तर २३९ मैलांना ९० नॉटने २ तास ३९ मिनिटं लागली असती. तेवढा वेळ झाल्यावर तो खाली पाहतो. ज्या हवेत तो पोहत होता ती हवाच या वेळात ६६ मैल, म्हणजे १२३ किलोमीटर, ईशान्येकडे सरकलेली आहे आणि तिच्याबरोबर तोही. नकाशावर ही जागा काढली तर ती अकोले आणि इगतपुरीच्या मधल्या डोंगरात येते, कळसूबाईपासून वीसेक किलोमीटरच्या आत. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, १६४६ मीटरचं शिखर. जुहूची वाळू शोधणाऱ्या माणसाला समोर सह्याद्रीचे कडे दिसावेत, आणि तेही ढगाळ दिवशी, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. आणि या सगळ्या वेळात त्याच्या होकायंत्राने त्याला एकदाही खोटं सांगितलेलं नसतं. नाक खरोखरच १७७ अंशांवर होतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. विमानाचं नाक ज्या दिशेला आहे तिला पायलट हेडिंग म्हणतात. विमान जमिनीवर ज्या रेषेने सरकतं तिला ट्रॅक म्हणतात. वारा नसेल किंवा अगदी समोरून वा पाठून असेल तरच या दोन्ही दिशा एक होतात. वेगाचंही तसंच. हवेतून जाण्याचा वेग एक, जमिनीवरून सरकण्याचा वेग दुसरा. खाडी ओलांडणारा नावाडी समोरच्या धक्क्याला लागायचं असेल तर होडीचं नाक प्रवाहाच्या वरच्या बाजूला धरतो. पायलटलाही हेच करायचं असतं, फक्त त्याला काठ सतत दिसत नसतो. म्हणून नाक किती अंश वाऱ्याकडे वळवायचं हे त्याला उड्डाणाआधी कागदावर काढावं लागतं.

त्यासाठीचा कागद म्हणजे वाऱ्याचा त्रिकोण. एका तासात काय घडतं ते काढायचं. अहमदाबादहून एक बाण काढा, ९० मैलांच्या लांबीचा, विमानाच्या नाकाच्या दिशेने. हा विमानाचा हवेतला प्रवास. त्याच्या टोकापासून दुसरा बाण काढा, २५ मैलांचा, वारा जिकडे जातो त्या दिशेने. हा हवेचा प्रवास. पहिल्या बाणाच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जी रेषा जाते ती विमानाने जमिनीवर प्रत्यक्ष कापलेली वाट. तीन बाजू, एक त्रिकोण.

अडचण अशी की या त्रिकोणातलं सगळं आपल्याला सुरुवातीला माहीत नसतं. पहिल्या बाणाची लांबी माहीत आहे, ९०, पण दिशा नाही. तीच तर शोधायची आहे. दुसऱ्या बाणाचं सगळं माहीत आहे. तिसऱ्या रेषेची दिशा माहीत आहे, १७७ अंश, कारण आपल्याला जुहूलाच जायचं आहे, पण लांबी माहीत नाही. दोन बाजूंची लांबी आणि एक कोन हातात आहे, आणि नेमक्या अशाच वेळी शाळेत शिकलेला साइनचा नियम कामाला येतो. त्रिकोणातली कोणतीही बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाचा साइन यांचं गुणोत्तर तिन्ही बाजूंसाठी सारखं असतं.

हा नियम पाठ करण्यापेक्षा त्यात विमानाचं काय घडतंय ते पाहिलं तर तो कायमचा लक्षात राहतो. आपली १७७ अंशांची रेषा जमिनीवर रंगवलेली आहे असं समजा. वारा २४० वरून येतो, म्हणजे रेषेशी त्याचा कोन २४० वजा १७७, म्हणजे ६३ अंश. त्याचे दोन भाग पाडता येतात. एक भाग रेषेच्या बाजूने, विमानाला अडवणारा. दुसरा रेषेला आडवा, विमानाला डावीकडे ढकलणारा. आडवा भाग २५ गुणिले ६३ अंशांचा साइन. तो साइन ०.८९१ आहे, म्हणून आडवा वारा सुमारे २२.३ नॉट. विमानाला रेषेवर राहायचं असेल तर त्याने स्वतःच्या वेगातून तेवढंच, २२.३ नॉट, उजवीकडे जात राहायला हवं. नाक रेषेपासून काही अंश उजवीकडे वळवलं की विमानाचा उजवीकडचा वेग होतो ९० गुणिले त्या कोनाचा साइन. दोन्ही ढकलण्या समान झाल्या की विमान रेषा सोडत नाही.

म्हणजे असं:

९० × साइन(वळवायचा कोन) = २५ × साइन(६३°)

हाच साइनचा नियम. भूमितीच्या भाषेत, त्रिकोणाच्या एका टोकातून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब दोन वेगळ्या बाजूंकडून मोजला आणि दोन्ही मापं सारखी आली, एवढंच. विमानाच्या भाषेत, वारा जितका डावीकडे नेतो तितकंच पायलट उजवीकडे जातो.

आकडे घालू. २२.३ भागिले ९० म्हणजे ०.२४८. ज्या कोनाचा साइन एवढा आहे तो कोन १४.३ अंशांचा. वारा उजवीकडून येतो, म्हणून हे अंश उजवीकडे मिळवायचे. १७७ अधिक १४, हेडिंग १९१. अहमदाबाद सोडल्यावर पायलट नाक १९१ अंशांवर, म्हणजे जुहूच्या बराच पश्चिमेला, जणू समुद्रात, धरतो. आणि विमान तिरकं सरकत १७७ च्या रेषेवरून जात राहतं. खालून पाहणाऱ्याला ते थोडं वाकडं उडताना दिसेल, पण आतल्या माणसाला काहीच वावगं जाणवत नाही. पंख सपाट, गोळी मध्यावर. वारा विमानाच्या कुशीवर आदळत नसतो, विमान त्या हवेतच असतं. अनेकांना वाटतं की पायलट सतत सुकाणू धरून वाऱ्याशी झुंजतो आहे. तसं काही नाही. एकदा नाक वळवलं की झालं.

कोन मिळाला की बरेच विद्यार्थी पेन खाली ठेवतात. माझ्या मते खरा धोका इथेच असतो, कारण त्रिकोणाची तिसरी बाजू अजून काढायची आहे. ती सांगते की जमिनीवरून विमान किती वेगाने जाईल, म्हणजे किती वाजता पोचेल, म्हणजे इंधन पुरेल की नाही.

तिन्ही कोन जोडून १८० होतात. वाऱ्याच्या आणि ट्रॅकच्या बाजूंमध्ये त्रिकोणाच्या आत जो कोन आहे तो ६३ नाही, ११७ अंश आहे, कारण वाऱ्याचा बाण जाण्याच्या दिशेने काढलेला आहे. आधी आपण ६३ चा साइन वापरला तरी उत्तर बरोबर आलं, कारण ६३ आणि ११७ यांचा साइन एकच आहे. पण तिसरा कोन काढताना ११७ च घ्यावा लागतो. १८० वजा ११७ वजा १४.३, म्हणजे ४८.७ अंश. त्याचा साइन ०.७५१. आता पुन्हा तोच नियम:

जमिनीवरचा वेग = ९० × ०.७५१ ÷ ०.८९१

उत्तर येतं जेमतेम ७६ नॉट. २३९ मैलांना ३ तास ९ मिनिटं. वारा नसताना २ तास ३९ मिनिटं लागली असती. आडव्या वाटणाऱ्या वाऱ्याने पूर्ण अर्धा तास खाल्ला.

हे विमान ताशी साधारण २३ लिटर पेट्रोल पितं आणि टाक्यांमध्ये वापरता येण्याजोगं पेट्रोल असतं ९३ लिटरच्या आसपास, म्हणजे चार तासांचं. त्यातून पाऊण तासाचं राखीव बाजूला ठेवलं की प्रवासाला उरतात सव्वातीन तास. ३ तास ९ मिनिटं त्यात बसतात खरी, पण धावपट्टीपर्यंत जाण्याचं आणि वर चढण्याचं जादा इंधन धरलं तर हातात काहीच राहत नाही. हे एवढं समजलं की निर्णय बदलतो. शहाणा पायलट असं निघणार नाही. वाटेत कुठे उतरून इंधन भरता येईल याची सोय आधी पाहील आणि मग इंजिन सुरू करील.

परतीच्या वाटेवर गेलेला वेळ भरून निघेल असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तसं होत नाही. जुहूहून अहमदाबादचा ट्रॅक ३५७ अंश. तोच वारा आता डावीकडून आणि थोडा मागून. आडवा भाग तेवढाच, म्हणून वळवायचा कोनही तेवढाच, फक्त डावीकडे, हेडिंग ३४३. जमिनीवरचा वेग ९८.५ नॉट आणि वेळ २ तास २६ मिनिटं. जाऊन-येऊन ५ तास ३५ मिनिटं. वारा नसता तर ५ तास १९ मिनिटं झाली असती. एका बाजूला मदत करणारा वारा दुसऱ्या बाजूला नेहमी थोडा जास्तच वसूल करतो, कारण त्याच्याविरुद्ध आपण जास्त वेळ उडत असतो. शिवाय नाक तिरकं धरल्यामुळे विमानाच्या वेगाचा काही भाग दोन्ही वेळा आडवं जाण्यात खर्च होतो.

आता एका बारीक गोष्टीकडे वळू, जिथे चांगले विद्यार्थीही अडखळतात. नाक १७७ वर ठेवून निघालेलं विमान कळसूबाईकडे गेलं तेव्हा ते प्रत्यक्षात १६१ अंशांच्या रेषेवर होतं. म्हणजे ड्रिफ्ट, हेडिंग आणि ट्रॅक यांतला कोन, १६ अंशांचा. मग उजवीकडे १६ अंश का नाही वळवायचं, १४ का? कारण हे दोन वेगळे त्रिकोण आहेत. पहिल्यात नाकाची दिशा ठरलेली आहे आणि वाट मिळते. दुसऱ्यात वाट ठरलेली आहे आणि नाकाची दिशा मिळते. नाक वाऱ्याकडे वळवताच विमानाचा वाऱ्याशी होणारा कोन बदलतो आणि त्याबरोबर ड्रिफ्टही बदलतो. म्हणून वाऱ्याचा कोन नेहमी ट्रॅकपासून मोजायचा, हेडिंगपासून नाही. वारा मंद असेल तर दोन्ही उत्तरं जवळजवळ एकच येतात आणि चूक लपून राहते. वारा जोराचा झाला की ती उघडी पडते.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे बाजूची. ‘२४० वरून’ याचा अर्थ ‘२४० कडे’ असा घेतला, किंवा घाईत अंश मिळवण्याऐवजी वजा केले, तर हेडिंग १९१ ऐवजी १६३ होतं. विमान आणि वारा दोघेही एकाच बाजूला खेचतात आणि ट्रॅक १४७ अंशांवर जातो, रेषेपासून पूर्ण ३० अंश डावीकडे. तासाभरात विमान रेषेपासून ८० किलोमीटर पूर्वेला पोचतं. ही चूक पकडायला सूत्र लागत नाही. उत्तर आलं की कागदावर वाऱ्याचा बाण पाहायचा आणि विचारायचं, नाक वाऱ्याकडे वळलं आहे ना? आणि जमिनीवरचा वेग पटतो आहे ना? वारा अर्धवट समोरून असेल तर तो हवेतल्या वेगापेक्षा कमीच यायला हवा.

आकड्याचाही अंदाज तोंडी घेता येतो. एका मैलाचा आडवेपणा ६० मैलांवर साधारण एक अंश होतो, या ठोकताळ्यावर पायलट फार विसंबतात. वारा २५, वेग ९०. २५ गुणिले ६० भागिले ९०, म्हणजे सुमारे १७. वारा पूर्ण आडवा असता तर साधारण इतके अंश लागले असते. आपला ६३ अंशांचा आहे, म्हणून त्याचा नऊ-दशांश धरायचा. पंधरा. खरं उत्तर १४.३. कागदावर ४ किंवा ४० आलं असेल तर कुठेतरी गफलत आहे हे लगेच कळतं.

या ९० नॉटबद्दलही सावध राहावं लागतं. तो हवेतला खरा वेग आहे, वेगदर्शक काट्यावरचा नव्हे. वर हवा विरळ होते तसा काटा कमी दाखवू लागतो, दर हजार फुटांना साधारण दोन टक्के. पाच हजार फुटांवर विमान खरोखर ९० नॉटने जात असेल तर काटा ८२ च्या आसपास असेल. त्रिकोणात काट्यावरचा आकडा घातला तर कोन उगाच मोठा येतो. शिवाय अंदाजातला वारा भौगोलिक उत्तरेपासून मोजलेला असतो आणि होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं. गुजरात-कोकणात हा फरक एक अंशाच्याही आत आहे, म्हणून आपल्या उदाहरणात मी तो सोडून दिला. जगात अनेक ठिकाणी तो दहा-पंधरा अंशांचा असतो आणि तिथे तो विसरणं म्हणजे वारा विसरण्यासारखंच.

इतकं सगळं नीट केलं तरी एक आकडा आपल्या हातात नसतो, तो म्हणजे वारा. तो अंदाज आहे. म्हणून उड्डाणानंतरचं काम सुरू होतं. पायलट १९१ वर उडतो आहे. ६० मैल झाले, महीचं मुख मागे पडलं, डावीकडे जंबूसर दिसायला हवं, आणि तो नकाशाशी ताडून पाहतो तर तो रेषेच्या ३ मैल उजवीकडे, आखाताच्या बाजूला सरकलेला आहे. ६० मैलांवर ३ मैल, म्हणजे ३ अंशांची चूक. नाक वाऱ्याकडे जरा जास्तच वळवलं गेलं. दिशा तीच धरून उलट गणित केलं तर वारा २५ नाही, २० नॉटच्या आसपास आहे असं निघतं. फक्त ५ नॉटचा फरक. तसाच पुढे गेला तर २३९ मैलांनंतर तो जुहूच्या १२ मैल पश्चिमेला, २२ किलोमीटर अरबी समुद्रात असेल.

दुरुस्ती सोपी आहे. आधी ३ अंश डावीकडे वळलं की विमान मूळ रेषेला समांतर जाऊ लागतं, ३ मैल बाजूलाच राहून. पण जायचं आहे जुहूला. अजून १७९ मैल उरले आहेत आणि त्यात ३ मैल भरून काढायचे आहेत, म्हणजे आणखी एक अंश. एकूण ४ अंश डावीकडे, हेडिंग १८७. नर्मदा दिसली की पुन्हा ताडून पाहायचं, तापी आली की पुन्हा. टपालाच्या काळात नद्यांची मुखं, रेल्वेचे रूळ आणि किनाऱ्याची वळणं हीच खरी उपकरणं होती.

आता साइनच्या नियमाची मर्यादा पाहू. आडवा वारा विमानाच्या वेगापेक्षा जास्त असेल तर भागाकार एकाच्या वर जातो, आणि असा साइन असणारा कोन अस्तित्वातच नाही. गणित तिथे स्पष्ट सांगतं की नाक कुठेही वळवलं तरी या रेषेवर राहता येणार नाही. ९० नॉटच्या विमानाला हे सहसा भेटत नाही, पण कामशेतच्या डोंगरांवर उडणाऱ्या पॅराग्लायडरचा वेग वीसेक नॉटच असतो आणि तिथे हा प्रश्न रोजचा आहे. दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे. २० नॉटच्या पॅराग्लायडरसमोर बरोबर तोंडावर २५ नॉटचा वारा असेल तर कोन शून्य, साइन शून्य, वळवायचा कोन शून्य. नियम म्हणतो सरळ जा. पण जमिनीवरचा वेग येतो उणे ५. तो तोंड पुढे करून मागे सरकतो आहे. कोनाच्या उत्तरात याची चाहूलही लागत नाही, ती तिसऱ्या बाजूतच दिसते.

वेगवान विमानांना हा त्रिकोण तितका बोचत नाही. आपलाच २४० वरून २५ नॉटचा वारा ४५० नॉटच्या जेटला लागला तर २२.३ भागिले ४५०, तीन अंशांहूनही कमी. कारण साधं आहे, त्रिकोणाची एक बाजू फार लांब झाली. अर्थात त्या उंचीवर वारेही १०० नॉटचे असू शकतात आणि मग कोन पुन्हा वाढतो.

विमानशाळांमध्ये आजही हा त्रिकोण हातानेच शिकवतात. त्यासाठी एक गोल फिरवायची चकती आणि तिच्यातून सरकणारी पट्टी असलेलं साधन वापरतात, जे ई-६-बी या नावाने ओळखलं जातं. ते अमेरिकी नौदलाचे पायलट फिलिप डाल्टन यांनी १९३० च्या दशकात घडवलं. स्वतः डाल्टन १९४१ साली विमान अपघातात गेले, पण त्यांच्या चकतीच्या एका बाजूवर पेन्सिलने वाऱ्याचा ठिपका टाकून जगभरच्या पायलटांनी आपला कोन काढला. त्या ठिपक्याने साइनचाच नियम सुटतो, फक्त चित्राने. आता जीपीएस जमिनीवरचा ट्रॅक आणि वेग थेट दाखवतं. मोठ्या विमानातला संगणक तोच त्रिकोण उलटा सोडवतो. हेडिंग आणि हवेतला वेग ही एक बाजू, ट्रॅक आणि जमिनीवरचा वेग ही दुसरी, आणि उरलेल्या तिसऱ्या बाजूतून त्या क्षणाचा खरा वारा पडद्यावर येतो. अंदाजावर विसंबण्याची गरज त्यामुळे कमी झाली, पण इंधनाचा हिशेब उड्डाणाआधीच करावा लागतो आणि तेव्हा हातात अंदाजाशिवाय काही नसतं.

आपलं विमान आता जुहूजवळ आहे. खाली येताना वारा मंदावतो, समजा १५ नॉट, दिशा तीच २४०. उतरायची धावपट्टी साधारण २६० अंशांची, पश्चिमेकडे तोंड करून. वारा आता डावीकडून २० अंशांनी येतो. आडवा भाग १५ गुणिले २० अंशांचा साइन, म्हणजे ५ नॉट. विमानाचा वेगही आता ६५ वर आला आहे, म्हणून कोन साडेचार अंश, हेडिंग २५५ ते २५६. पायलट नाक पट्टीच्या किंचित डावीकडे धरून उतरत येतो. पण चाकं हवेसारखी नसतात, ती आडवी घसरत नाहीत. तिरकं टेकलं तर चाकांवर आणि दांड्यांवर जोर येतो. म्हणून जमिनीपासून काही फुटांवर पायलट पायाने रडर दाबून नाक पट्टीच्या रेषेत आणतो, डावा पंख जरासा खाली ठेवून विमान वाऱ्याने वाहून जाणार नाही हे बघतो, आणि डावं चाक आधी टेकवतो. वेग कमी होत जातो तसा वाऱ्याचा जोर तुलनेने वाढत जातो, म्हणून विमान पूर्ण थांबेपर्यंत त्याचा दांडा वाऱ्याच्या बाजूला झुकवलेलाच असतो.